खर्चावर तीस टक्के चढवले म्हणजे भांडवलावर तीस टक्के सुटत नाहीत भो

एक पोस्ट फिरतेय: "धंद्याचं सोपं गणित. माल बनवायचा खर्च काढा, त्यावर सरळ ३० टक्के चढवा, भांडवलावर ३० टक्के रिटर्न पक्का. माल कमी विको की जास्त, टक्का तोच राहतो. बँकेचं कर्ज यात धरू नका, तो पैसा आपला नाही. घरच्या शेतातला माल तर फुकटच. पुढे पाठवा."

सगळ्यात आधी विचारायचं ते हे, की टक्का कशावर? खर्चावरचे ३० टक्के ही एक गोष्ट आणि धंद्यात अडकलेल्या पैशावरचे ३० टक्के ही साफ वेगळी गोष्ट, आणि मधे विक्रीचा खर्च बसलेला असतो त्याचं तर या पोस्टमध्ये नावच नाही. आपल्याकडचाच धंदा घेऊ, केळीचे वेफर्स. रावेर-यावल पट्ट्यात केळीला तोटा नाही आणि वेफर्सवाल्यांनाही नाही. आकडे मी समजायला सोपे म्हणून गोल धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

शेड १२ लाख, स्लायसर, कढया आणि पॅकिंग मशीन मिळून ८ लाख, आणि १० लाख फिरतं भांडवल, म्हणजे तेलाचे डबे, पाकिटांचे रोल, तयार माल, दुकानदारांकडे अडकलेली उधारी, आणि यातून केळीवाल्याचे न् तेलवाल्याचे आपल्याकडे देणं असलेले पैसे वजा केलेले. झाले ३० लाख. वर्षाला ३०,००० किलो वेफर्स बनतात आणि तेवढेच विकतात असं धरू. किलोचा हिशेब असा: चार किलो कच्ची केळी १२ रुपयांनी ४८, कढईत वेफर्स जे तेल पितात त्याचे ४२, मीठ-मसाला ४, पॅकिंग १४, जळण १२. हे १२० रुपये माल बनेल तसेच लागतात. वर कायम कामावरच्या बायामाणसांचा पगार किलोला २२ आणि मशीन-शेडचा घसारा, मेंटेनन्स, विजेचा ठरलेला आकार असे ८. एकूण १५०.

हा झाला फक्त बनवायचा खर्च. माल दुकानात पोचवायची गाडी, सेल्समन, हिशेब लिहिणारा मुनीम, फोन, परत आलेली मऊ पडलेली पाकिटं हे वर्षाचे साडेसात लाख वेगळे. आता १५० वर ३० टक्के चढवा, भाव १९५. किलोमागे ४५ सुटले, ३०,००० किलोचे साडेतेरा लाख. त्यातले साडेसात विक्रीत गेले, उरले ६ लाख. ३० लाखावर ६ लाख म्हणजे २० टक्के. पोस्टवाल्याला ३० वाटत होते, मिळाले २०.

बरोबर रस्ता उलटा आहे, आधी परतावा ठरवायचा आणि मग मार्कअप, म्हणजे बनवायच्या खर्चावर किती टक्के चढवायचे ते, शोधायचा:

मार्कअप % = (भांडवल × अपेक्षित परतावा % + विक्री-ऑफिस खर्च) ÷ (किलोचा बनवायचा खर्च × वर्षाची विक्री) × १००

३० टक्केच पाहिजेत ना? मग ३० लाखाचे ९ लाख, अधिक साडेसात, झाले साडेसोळा लाख, भागिले ४५ लाख. उत्तर ३६.६७ टक्के, भाव २०५ रुपये. (यात जीएसटी नाही, आणि दुकानदाराचं मार्जिन याच्याही वर. पाकिटावर जो एमआरपी छापता तो हा भाव नव्हे, हे सुद्धा लोक घोळवतात.)

आणि ३० हा काही देवाने दिलेला आकडा नाही. जळगावच्या एखाद्या डाळमिलचं बघा. समजा १ कोटी भांडवल, पण तूर घेतली, भरडली, विकली, परत घेतली असं करत वर्षाला बनवायचा खर्च ६ कोटी होतो. २० टक्के परताव्याचे २० लाख आणि विक्री खर्चाचे १० लाख असे ३० लाख त्या ६ कोटीवर पसरायचे, म्हणजे मार्कअप फक्त ५ टक्के. वेफर्सवाल्याला जे २० टक्के मिळवायला ३० चढवावे लागले तेच मिलवाल्याला पाचात मिळतात, कारण त्याचं भांडवल वर्षात जास्त वेळा फिरतं. त्याने ३० चढवले तर त्याची डाळ गोडाऊनलाच किडेल.

आता कमी-जास्त विक्रीचं. इथे पोस्ट नुसती चुकलेली नाही, इथे ती माणसाला बुडवू शकते, म्हणून जरा थांबून बघा. १५० मधले ३० रुपये जे आहेत ना, पगार न् घसारा, ते खरे किलोमागचे नाहीतच, ते वर्षाचे ९ लाख आहेत, आपण ३०,००० किलोवर वाटले म्हणून ३० दिसतात. विक्रीचे साडेसात लाखही बहुतेक ठरलेलेच, गाडी अर्धी भरून गेली तरी ड्रायव्हर अर्धा पगार घेत नाही. म्हणजे वर्षाला साडेसोळा लाख काहीही झालं तरी जाणार. १९५ ला विकलं की १२० वजा जाता किलोमागे ७५ हातात. साडेसोळा लाखाला ७५ ने भागा, २२,००० किलो. इथपर्यंत नुसता खर्च निघतो, परतावा शून्य. २४,००० किलो विकले तर उरतात दीड लाख, म्हणजे ५ टक्के. २०,००० विकले तर दीड लाखाचा तोटा. भाव तोच, मार्कअप तोच, विक्री एक तृतीयांश घटली आणि ६ लाखाचा नफा जाऊन खड्डा पडला.

याच्या पुढचा सापळा अजून वाईट. २०,००० वर आलेला माणूस परत फॉर्म्युला घेऊन बसतो. आता ९ लाख २०,००० वर वाटले की किलोला ४५, बनवायचा खर्च १६५ झाला. २० टक्के परताव्याचे ६ लाख अधिक साडेसात, भागिले ३३ लाख, मार्कअप जवळपास ४१ टक्के, भाव २३२ रुपये ५० पैसे. म्हणजे ज्या बाजाराने १९५ लाच कमी माल उचलला त्याला तुम्ही साडेसदतीस रुपये वाढवून सांगणार. विक्री अजून पडते, खर्च परत कमी किलोवर वाटला जातो, भाव परत वर. फॉर्म्युल्याची खरी मर्यादा हीच आहे, विक्रीचा आकडा तुम्ही आधीच गृहीत धरता आणि तो भावावर अवलंबून असतो हे त्याला माहीतच नसतं. म्हणून गणितात एखाद्या पडलेल्या वर्षाचे किलो टाकू नका, चांगल्या वर्षाचेही नको, साधारण वर्षात धडपणे किती जातात ते टाका. आणि दर वेळी खाली हा एक आकडा लिहून ठेवा की किती किलोला नुसता खर्च निघतो. तो तुमच्या वर्षाच्या नेहमीच्या विक्रीच्या फार जवळ असेल तर भावाचं गणित नंतर, आधी पगार आणि गाडीच्या खर्चाकडे बघा.

कर्जाचं. समजा ३० लाखातले १५ बँकेचे आहेत, १२ टक्क्यांनी. पोस्टचं ऐकून फक्त आपल्या १५ लाखावर २० टक्के धरले तर ३ लाख, अधिक साडेसात, भागिले ४५, मार्कअप २३.३३ आणि भाव १८५. वर्षअखेर ३ लाख उरतात, बँक त्यातून १ लाख ८० हजार व्याज नेते, तुमच्या हातात १ लाख २० हजार. १५ लाखावर ८ टक्के. कढईसमोर वर्षभर घाम गाळून ८ टक्के. कढईला काय माहीत कोणता रुपया बँकेचा आणि कोणता तुमचा, दोन्ही तिच्यातच अडकलेत. म्हणून धरायचं तर पूर्ण ३० लाख धरा आणि नफा व्याजाच्या आधीचा मोजा. किंवा फक्त स्वतःचे १५ धरा पण मग व्याज खर्चात टाका. दोन्ही चालतं. चालत नाही ते अर्धं याचं अर्धं त्याचं. काही जण उलट बाजूने चुकतात, पूर्ण ३० लाख धरतात आणि वर व्याजही खर्चात घालतात, मग त्यांचा भाव उगाच चढतो आणि बाजूचा पोरगा गिऱ्हाईक घेऊन जातो.

यातच उधारी येते, आणि आपल्याकडे उधारी म्हणजे काय ते सांगायला नको. वर्षाची विक्री साडेअठ्ठावन्न लाख, म्हणजे दुकानदारांना एका महिन्याऐवजी दोन महिने दिले की पावणेपाच-पाच लाख जास्त अडकले. भांडवल ३० चं ३५ झालं, नफा तोच ६ लाख, परतावा १७ वर. २० टिकवायचे तर किलोला सव्वातीन रुपये वाढवावे लागतील. सेल्समन जेव्हा म्हणतो "भाव नाही पाडला शेठ, फक्त महिनाभर जास्त दिला", तेव्हा त्याने सव्वातीन रुपये पाडलेच असतात.

घरची केळी फुकट? १२०० क्विंटल केळी लागते वर्षाला. ती शून्य धरली की किलोचा खर्च १०२ दिसतो, ३० टक्के चढवून भाव १३२.६०. गावात सगळ्यात स्वस्त तुम्ही, माल धडाधड जातो, वहीत नफा १ लाख ६८ हजार दिसतो. आणि तीच केळी व्यापाऱ्याला १२ ने दिली असती तर १४ लाख ४० हजार नुसते बांधावर आले असते. शेताने कमावलं, वेफर्सने खाल्लं. घरची केळी त्या दिवशीच्या बाजारभावानेच लिहायची, बायकोचा आणि भावाचा पगारही लिहायचा, द्या न द्या तो घरचा प्रश्न.

घसाऱ्याबद्दल एकच. मशीनची किंमत दरवर्षी घटवत नेली की भांडवल लहान होतं आणि काहीही न करता परतावा वाढलेला दिसतो. त्या जोरावर भाव पाडला तर नवी मशीन घ्यायच्या वर्षी उत्तर सापडत नाही. मूळ किंमत धरा नाहीतर आज तशी मशीन केवढ्याला येते ते धरा, पण दरवर्षी एकच पद्धत ठेवा.

आता राहिला प्रश्न, १९५ निघाले पण बाजार १८० च्या वर देतच नाही, मग? मग फॉर्म्युला उलटा फिरवा. १८० गुणिले ३०,००० म्हणजे ५४ लाख, त्यातून विक्रीचे साडेसात आणि परताव्याचे ६ काढा, उरले साडेचाळीस लाख, किलोला १३५. म्हणजे बनवायच्या खर्चातून १५ रुपये काढायचेत. बारीक-वाकडे घड न घेता भरलेली केळी घेतली आणि चारऐवजी साडेतीन किलोत किलोभर वेफर्स निघाले तर ६ रुपये तिथेच. तेल नीट तापण्याआधी काप टाकले तर वेफर्स जास्त तेल पितात, ते सांभाळून दहातला एक भाग तेल वाचलं तर ४ रुपये. उरलेले ५ पॅकिंग आणि जळणात शोधा. तिथेही नाही सापडले तर या भांडवलावर या भावात २० टक्के बसत नाहीत, आणि ते शेड बांधायच्या आधी कळलेलं बरं.