गल्ला जुळला तरी रद्द बिलं का बघायची

वाचकाची प्रतिक्रिया: «सर, तुमचा लेख मालकांना आवडेल. मी स्वतः काउंटरवर बसतो. रविवारी सकाळी मिसळीला रांग लागते, तेव्हा बिलं कॅन्सल होणारच. तुम्ही सांगता तशी कोणी किती बिलं रद्द केली याची यादी काढली तर सगळ्यात वर माझंच नाव येईल, कारण सगळ्यात जास्त बिलं मीच करतो. आणि आमचा गल्ला रोज रात्री रुपयाला रुपया जुळतो. मग शोधायचं काय? चोरी करणारा माणूस मशीनमध्ये पुरावा ठेवून जाईल का?»

दादा, गल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण बहुतेक मालक तिथेच थांबतात आणि प्रामाणिक कॅशियरचं नुकसानही तिथूनच सुरू होतं.

रात्री आपण गल्ला कशाशी जुळवतो? मशीन सांगतं त्या आकड्याशी. समजा सकाळी सुट्टे म्हणून ३,००० रुपये ठेवले होते. रोख विक्री २४,६०० झाली आणि भाजी, बर्फ वगैरेंना ८५० दिले. मग गल्ल्यात २६,७५० हवेत. आता सात नंबर टेबलचं बिल बघा. दोन मिसळ, दोन ताक मिळून ३०० आणि ५ टक्के जीएसटी धरून ३१५. गिऱ्हाइकाने रोख दिले आणि ते गेलं. अर्ध्या तासाने कोणीतरी ते बिल कॅन्सल केलं आणि ३१५ रुपये खिशात घातले. मशीनची रोख विक्री आता २४,२८५ झाली, गल्ल्यात हवी असलेली रक्कम २६,४३५ झाली आणि मोजल्यावर नेमके २६,४३५ च भरतात. गल्ला जुळला. गल्ला कमी भरतो तेव्हा बहुधा सुट्ट्यांचा घोळ असतो किंवा एखादी नोट जास्त परत गेलेली असते. रद्द बिलाआडून पैसे काढणाऱ्याचा गल्ला मात्र चोख असतो, कारण तो जुळवण्यासाठीच त्याने बिल रद्द केलेलं असतं.

पुरावा मागे राहतो तोही यामुळेच. स्वयंपाकघरात केओटी, म्हणजे ऑर्डरची छापील चिठ्ठी गेली की ऑर्डर मशीनमध्ये बसली. त्या ऑर्डरचे पैसे काढायचे तर बिल रद्द करावं लागतं, त्यातले पदार्थ कमी करावे लागतात किंवा डिस्काउंट टाकावा लागतो. असं काही केल्याशिवाय गल्ला सहसा जुळत नाही. आणि यातलं काहीही केलं तरी बहुतेक मशीनमध्ये वेळ, बिल नंबर आणि लॉगिन यांची नोंद मागे राहते.

आता तुमचं नाव वर येण्याबद्दल. तुम्ही काउंटरवर बसता, म्हणून एका हॉटेलचा एक रविवार जसा पाहिला तसा मांडतो. हॉटेल गंगापूर रोडच्या बाजूचं आहे, नाव सांगत नाही. सकाळी दोन काउंटर चालू होते. पहिल्यावर २१४ बिलं झाली आणि ११ रद्द. दुसऱ्यावर ९६ बिलं आणि ४ रद्द. मालकाची नजर अर्थातच अकरावर गेली. टक्केवारी काढली तर दोन्हीकडे साधारण पाच आणि चार, म्हणजे तरीही पहिलाच पुढे. नुसती संख्या किंवा टक्केवारी बघून काही कळत नाही, हे तुमचं म्हणणं इथे पूर्ण खरं ठरतं.

मग आम्ही प्रत्येक रद्द बिलाचं जुळं शोधलं. खऱ्या कारणाने बिल रद्द होतं तेव्हा गिऱ्हाईक समोर उभं असतं, म्हणून लगेच दुसरं बिल निघतं. टेबल चुकलं, एकाऐवजी दोन वेगळी बिलं हवीत, कंपनीचा जीएसटी नंबर घालून हवा, बसून खायचं होतं ते पार्सल झालं, हे सगळं तुम्हाला रोजचं आहे. अशा वेळी रद्द बिलाच्या पुढेमागे, दोन-चार मिनिटांत, तेवढ्याच किंवा जवळपास तेवढ्याच रकमेचं बिल सापडतं. पहिल्या काउंटरच्या अकरापैकी दहा बिलांना असं जुळं सापडलं. अकराव्याचं गिऱ्हाईक ऑर्डरला उशीर झाला म्हणून उठून गेलं होतं, आणि त्याची केओटीही त्याच वेळी रद्द झालेली होती. म्हणजे पहिल्या कॅशियरवर एकही प्रश्न उरला नाही. त्याची लांबलचक यादीच त्याच्या बाजूने बोलली.

दुसऱ्या काउंटरच्या चार बिलांपैकी एकालाही जुळं नव्हतं. बिल छापल्यापासून रद्द होईपर्यंत पंचवीस ते पन्नास मिनिटं गेली होती, आणि तेवढ्या वेळात मिसळ खाऊन गिऱ्हाईक घरीसुद्धा पोचतं. चारही बिलं आधी रोखीत सेटल झाली होती, मग पुन्हा उघडून रद्द केली होती. केओटी मात्र जशाच्या तशा होत्या, म्हणजे प्लेटी बनून बाहेर गेल्या होत्या. कारणाच्या रकान्यात चारही वेळा एकच, चुकीची एंट्री. त्या काउंटरवर निम्म्याहून जास्त पैसे यूपीआयने येत होते, पण यूपीआयचं एकही बिल असं रद्द झालेलं नव्हतं. ते पैसे थेट मालकाच्या खात्यात जातात, म्हणून ते बिल रद्द करून कोणाच्या हाती काही लागत नाही. हाताची चूक असती तर ती रोख की यूपीआय बघून झाली नसती.

तरीही चार बिलांवर कोणाला चोर म्हणता येत नाही, आणि इथे मी मालकांशी भांडतो. एका दिवसात योगायोग होऊ शकतो. मागचे तीन-चार आठवडे काढायचे आणि तीच खूण पुन्हा दिसते का ते बघायचं. जुळं नाही, रोख आहे, मध्ये बराच वेळ गेलाय आणि केओटी शाबूत आहे, या चारही गोष्टी एकत्र हव्यात. इथे मागच्या रविवारांतही त्या दिसल्या. मग कॅमेरा पाहिला. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं घड्याळ बिलिंग मशीनच्या सात मिनिटं पुढे होतं. तो फरक आधी काढला नसता तर आम्ही भलत्याच माणसाकडे बघत बसलो असतो. मशीनवर एक बिल छापायचं, त्याच क्षणी डीव्हीआरची वेळ टिपायची, म्हणजे फरक कळतो.

फरक धरून पाहिलं तेव्हा त्या वेळांना ज्याचं लॉगिन होतं तो कॅशियर काउंटरवर नव्हताच. तो आत नाश्त्याला गेला होता. लॉगिन चालूच होतं आणि त्याच्या खुर्चीत दुसरा माणूस बसला होता. रद्द करायला मॅनेजरचा पिन लागतो, तर तो पिन हॉटेलात सगळ्यांना पाठ होता. रिपोर्टमधलं नाव हे लॉगिनचं नाव असतं. तिथे कोण बसलं होतं ते रिपोर्टला माहीत नसतं. त्या कॅशियरला त्या रात्रीच कामावरून काढलं असतं तर एका निर्दोष माणसाचं घर बसलं असतं आणि पैसे जातच राहिले असते.

डिस्काउंटचंही थोडक्यात सांगतो, कारण तिथे रक्कम लहान असते आणि ती सहज निसटते. ८०० रुपयांचं खाणं, जीएसटी धरून बिल ८४०. गिऱ्हाइकाने छापील बिल बघून ८४० दिले. ते गेल्यावर सेटल करताना नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून दहा टक्के सूट टाकली. ७२० वर कर धरून मशीनमध्ये ७५६ राहिले आणि ८४ रुपये बाजूला. खरी सूट दिली की गिऱ्हाइकाला कमी रकमेचं बिल पुन्हा छापून द्यावंच लागतं. म्हणून एकूण सूट किती दिली हे बघत बसू नका. शेवटच्या छपाईनंतर रक्कम बदलली आणि नवीन बिल छापलं गेलं नाही, अशी बिलं बाजूला काढा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये छपाईची वेळ आणि सेटलमेंटची वेळ वेगवेगळी दिसत असेल तर हे पाच मिनिटांत होतं. दिसत नसेल तर विकणाऱ्याला बिलांची ऑडिट लॉग चालू करायला सांगा. साध्या विक्री रिपोर्टात फक्त शेवटची रक्कम असते, तिच्यावरून काही उमजत नाही.

पुरावा ठेवणारच नाही असा माणूसही असतो, आणि तिथे हे रिपोर्ट आंधळे असतात. ऑर्डर मशीनमध्ये टाकलीच नाही, तोंडी सांगून मिसळ आणवली, रोख घेतली, तर रद्द करायला बिलच नाही. मिसळीच्या हॉटेलात त्यावर पाव मोजणं चांगलं. बेकरीतून ६०० पाव आले, रात्री ४० उरले, म्हणजे ५६० गेले. बिलात २५० प्लेटी, प्लेटीला दोन पाव धरून ५००, वरचे जादा पाव २२, स्टाफचा नाश्ता २०. झाले ५४२. अठरा पावांचा हिशेब लागत नाही, पण तेवढे चुरगळतात किंवा कोणी प्रेमाने जादा वाढतं. त्यावर आरडाओरडा करायची गरज नाही. दर रविवारी साठ-सत्तर पाव कमी पडत असतील आणि मंगळवारी पडत नसतील, तर मात्र मालकाने गर्दीच्या वेळी स्वतः स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभं राहावं.

तुमच्यापुरतं म्हणाल तर मालकाने यादी काढायची वाट बघू नका. शिफ्ट संपताना रद्द बिलांची यादी तुम्हीच काढा आणि प्रत्येकासमोर जुळ्या बिलाचा नंबर लिहून द्या. ज्याला जुळं नाही, त्याचं कारण त्याच वेळी लिहा, कारण रात्रीपर्यंत ते आठवत नाही. छापलेलं रद्द बिल फेकू नका, मागे टेबल नंबर टाकून खिळ्याला लावा. खुर्चीवरून उठताना लॉगआउट करा, पाणी प्यायला जात असाल तरीही. तुमच्या लॉगिनवर दुसऱ्याला बसू देऊ नका, तो मालकाचा भाचा असला तरी. आणि मॅनेजरचा पिन तुम्हाला माहीत असेल तर तो बदलायला तुम्हीच सांगा. मालकाने विचारलं का, तर सांगा की रद्द करणारा आणि मंजुरी देणारा ही दोन वेगळी माणसं असल्याशिवाय त्या रिपोर्टातल्या नावाला काही अर्थ राहत नाही, आणि माझं नाव त्यात आहे.