कायदा रद्द न होताही बदलला

‘संसदच सर्वोच्च असेल, तर न्यायालयाच्या निकालाला अर्थ काय उरतो?’

ब्रिटनमधलं बेलमार्श तुरुंगाचं प्रकरण बघा. परदेशी संशयितांना खटल्याविना बेमुदत डांबून ठेवायची मुभा २००१च्या दहशतवादविरोधी कायद्यात होती. डिसेंबर २००४मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या, नऊपैकी आठ न्यायाधीशांनी ती तरतूद चुकीची ठरवली. धोका नागरिकांकडूनही असेल, तर कोठडी फक्त परक्यांनाच का? पण तिथे न्यायालय कायदा मानवी हक्कांशी ‘विसंगत’ असल्याचं नुसतं जाहीर करतं, तो लागूच राहतो. म्हणजे निकाल जिंकूनही ती माणसं दुसऱ्या दिवशी आतच! मला हे फार खुपतं. तरीही सरकारला ती तरतूद पुढे रेटता आली नाही. मार्च २००५मध्ये संसदेनेच नवा कायदा केला, कोठडीच्या जागी संशयितांच्या हालचालींवर बंधनं घालणारे नियंत्रण आदेश आले, आणि पुढे त्यांनाही न्यायालयात आव्हान मिळालं.