दाढ, इअरफोन आन मायच्या ओव्या

सुपारी फोडता फोडता उजवीकडची खालची दाढ अशी दुखावली की रात्री 2 वाजता तोंडात लवंग धरून मी अंगणात येरझारा घालायलो. शेवटी लातूरला गेलो, मॅडमनी एक्स-रे बघितला आन म्हणल्या, रूट कॅनाल. हे दोन शब्द ऐकले की माणसाचं वय एकदम सात होतंय बगा.

पोरगा म्हणला, "पप्पा, खुर्चीत गाणी ऐका, टेन्शन येत नाही." त्यानं मोबाईलवर शांत गाणी भरून दिली आन कानात घट्ट घुसणारे ते बुच्चासारखे इअरफोन दिले. खुर्चीत आडवा झालो, डोळ्यावर लाईट, आन गाणं सुरू व्हायच्या आधी एक बाई ओरडली की घरकर्ज फक्त पाच मिनिटांत! फुकटच्या अ‍ॅपमधी जाहिरात असतीय हे पोरगं सांगायला विसरलं.

मग इंजेक्शन. ते झालं आन दुसऱ्याच मिनिटाला छाती अशी धडधडायला लागली की मी म्हणलं गेलो आता. गाण्याचा ठेका जरा जलद होता, मला वाटलं त्याच्यानंच होतंय. मॅडम म्हणल्या, "काका, भूल जास्त वेळ टिकावी म्हणून तिच्यात थोडं अ‍ॅड्रेनलिन असतंय, त्याच्यानं धडधडतंय, दोन-तीन मिनिटात उतरतं. पण तवर गाणं संथ लावा, मिनिटाला साठ-सत्तर ठोक्याचं. तुम्ही ढोल लावून बसलाव!" आन खालच्या दाढंची भूल ओठापर्यंत यायला पाच मिनिटं तरी लागतात. गाण्याचं खरं काम ह्या पाच मिनिटातच हाय. भीती त्या वाट बघण्यात असती, पुढं दाढ तर बधिरच असती.

ओठ जड झाला आन मशीन सुरू झाली. पहिली ती शिट्टीवानी किंचाळणारी, मिनिटाला तीन लाखाच्या वर फेरे मारती म्हणं. तिचा आवाज इअरफोननं जरा दबला, मी खुश. मग कीड खरवडायला हळू फिरणारी लावली, तर घर्रर्र असं डोक्याच्या आत सुरू झालं, जणू कवटीतच गिरणी टाकली कुणी. गाणं मोठं केलं, तरी घर्रर्र. इअरफोन आणखी आत दाबला तर घर्रर्र दुप्पट! हात वर केला (डावा, उजवीकडं मॅडम असतात, तिकडचा हलवायचा नाही), मशीन थांबली.

मॅडम हसायल्या. म्हणल्या, हा आवाज हवेतून येतच नाही, दाढेतून जबड्यात, जबड्याच्या हाडातून थेट कानात जातोय. कान उघडा असला तर त्यातला जाडा आवाज बाहेर निघून जातोय, तुम्ही बूच लावलं म्हणून तो आतच घुमतोय. घरी येऊन करून बघितलं: फुटाणे खाताना दोन्ही कानात बोटं घातली, तर खडी फोडायल्यासारखा आवाज! तुम्हीबी करून बघा, पण चांगल्या दाढंनं. वरून माझे दोन्ही कान बंद, म्हणून "तोंड मोठं उघडा" हे त्यांनी तीनदा सांगितलेलं मला ऐकूच आलं नव्हतं. मी आपला बारीक तोंड करून शांत गाण्यात डोलायलो, आन मशीन चालू असताना डोलायचं नसतंय!

दुसऱ्या वेळंला इअरफोन घरीच ठेवले. मॅडमनी फोन उशाकडंला ठेवून स्पीकर बारीक लावू दिला, बाहेर बाकड्यावर बसल्यापासूनच सुरू केलेला. पोराची गाणी मात्र काढून टाकली. त्याच्या जागी मायच्या जात्यावरच्या ओव्या, तिनं दिवाळीत दळताना गायलेल्या, फोनमधी भरून घेतलेल्या. एक ओळ, मग दम घ्यायला थांबणं, मग दुसरी ओळ. माझा श्वासबी आपोआप तसाच लांबला. पाठ असलेलं गाणं बरं, पुढं काय येणार ते माहीत असतंय.

आन मग ती हळू मशीन लागली. घर्रर्र. ह्या येळंला काहीच खटकलं नाही, कारण ओव्या जन्मल्याच मुळात घरघरीवर! मशीन थांबली तर उलट वाटायचं, माय दाणे टाकायला थांबली.

मॅडमनी विचारलं, "काका, कोण गातंय हो?"

तोंडात कापूस, थुंकी ओढायची नळी, जबडा वासलेला. माय म्हणायला ओठ मिटावे लागतात, ते काही मिटंनात. म्हणून म्हणलं, "आ... ई..."

मॅडमनी घाबरून मशीन बंद केली. "दुखलं का? थांबा, आणखी एक इंजेक्शन देते."