बेरीज जुळली म्हणजे आकडे बरोबर? अजिबात नाही

«स्कॅन केलेला ताळेबंद ओसीआरला द्या, वरच्या शीर्षकांच्या ओळी उडवा. पहिला आकडा चालू वर्षाचा, दुसरा मागच्या वर्षाचा. कंसाची काळजी नको, एक्सेल आपोआप उणे करतो. दोन्ही बाजू जुळल्या की काम झालं!»

हा मेसेज तीन ठिकाणांहून आला तेव्हा मी सोडून दिला. चौथ्यांदा तो माझ्या भाचीकडून आला, आणि तोही तिने त्याच पद्धतीने आकडे काढून वरिष्ठांना पाठवल्यानंतर. मग गप्प बसवेना.

कंसाचं आधी, कारण त्यात अर्धं सत्य आहे. `(1,860)` असं स्वच्छ वाचलं गेलं, तर एक्सेल ते -1860 असंच घेतो, हे मान्य. पण अडचण एक्सेलच्या आधी, ओसीआर चित्रातली अक्षरं वाचतो तेव्हाच होते. पुसट स्कॅनमध्ये सुरुवातीचा कंस बऱ्याचदा 1 म्हणून वाचला जातो आणि हाती येतं `11,860)`. स्वल्पविराम जागेवर असल्याने नजरेला काही खटकत नाही. एक्सेल त्याला मजकूर समजतो आणि SUM मजकूर गुपचूप वगळतो.

समजा भागभांडवल 5,000, शेअर प्रीमियम 2,400, संचित तोटा (1,860), पुनर्मूल्यांकन निधी 310, अल्पसंख्य भागधारकांचा हिस्सा (45). छापील बेरीज 5,805. तुमची 7,665 आली, तर फरक 1,860, म्हणजे तो आकडा मजकूर होऊन बेरजेतून गळला. 9,525 आली, तर फरक 3,720, म्हणजे बरोबर दुप्पट: कंस हरवला आणि तोटा चक्क नफा झाला. फरकाच्या निम्मा आकडा शोधायची ही जुन्या कारकुनांची युक्ती इथे अजून चालते. आणि कृपा करून शोधा-बदला करून कंस काढू नका. `11,860)` मधला कंस काढलात की 11,860 हा खराखुरा आकडा होतो आणि शेवटचा पुरावाही जातो. त्याआधी हे चालवा; FALSE आलेली प्रत्येक ओळ मूळ पानाशी ताडून बघा:

```
=ISNUMBER(B7)
```

«पहिला आकडा चालू वर्षाचा» यावर फार शब्द खर्च करत नाही. बहुतेक ताळेबंदांत नावानंतर लगेच टिपेचा क्रमांक असतो, म्हणजे या नियमाने भागभांडवल 14 निघेल! शिवाय आंतरराष्ट्रीय लेखा मानक आयएएस 1 चा परिच्छेद 40अ वाचा: जुने आकडे पूर्वलक्षी प्रभावाने बदलले आणि त्याचा मागच्या वर्षाच्या आरंभीच्या स्थितीवर लक्षणीय परिणाम होत असेल, तर तिसरा ताळेबंदही द्यावा लागतो. म्हणजे रकाने दोनच असतील हेही गृहीत धरता येत नाही.

आता शीर्षकं उडवण्याचा सल्ला. भाचीचा घात यानेच झाला. तिच्या ताळेबंदात वर «समूह», म्हणजे उपकंपन्यांसह एकत्रित, आणि «कंपनी», म्हणजे एकटी मूळ कंपनी, आणि प्रत्येकाखाली 2024, 2023. वरची ओळ उडवल्यावर उरलं 2024, 2023, 2024, 2023. तिच्या स्क्रिप्टमध्ये रकान्याची ओळख फक्त वर्षावरून होती, त्यामुळे नंतर आलेल्या 2024 ने आधीचं 2024 पुसून टाकलं. समूहाचे म्हणून गेलेले सगळे आकडे एकट्या कंपनीचे होते. आणि बेरीज? चोख जुळली. जुळणारच, कारण संपूर्ण रकानाच बदलला होता, आणि कंपनीचा ताळेबंदही आपल्या जागी जुळतोच. बेरीज आकड्यांचं आपसातलं नातं तपासते, रकाना कोणाचा आहे ते नाही.

ते ओळखायला दोन ओळी पुरतात. उपकंपन्यांतील गुंतवणूक एकत्रीकरणात वजा होते, म्हणून ती समूहाच्या रकान्यात नसते. उपकंपन्यांतल्या अल्पसंख्य भागधारकांचा हिस्सा कंपनीच्या रकान्यात नसतो. पण गंमत बघा, नेमक्या याच ओळींत रिकाम्या जागी छोटी आडवी रेघ असते, ओसीआर ती गिळतो, आणि उजवीकडे कंपनीच्या रकान्यात असलेले गुंतवणुकीचे 3,150 घसरत समूहाखाली येऊन बसतात.

म्हणून आकड्यांचा क्रम मोजू नका, त्यांची पानावरची जागा मोजा. टेसरॅक्ट हा ओसीआर प्रोग्राम ती देतो:

```
tesseract paan.png nikal -l eng+mar --psm 6 tsv
```

यातल्या `left` आणि `width` ची बेरीज म्हणजे आकड्याची उजवी कड. आकडे उजवीकडे जुळवलेले असतात, त्यामुळे त्या कडेवरून रकाना कळतो. फक्त नीट छापलेल्या पानात शेवटचा कंस अंकांच्या रेषेबाहेर लटकतो, तेव्हा कंसाच्या रुंदीएवढी सूट ठेवा, नाहीतर सगळे उणे आकडे वेगळा रकाना होऊन बसतील. आणि «समूह», «कंपनी» हे शब्द ज्या दोन-दोन रकान्यांच्या मधोमध आहेत, त्या दोन्हींना चिकटवा: «समूह 2024», «कंपनी 2024».

भाचीने काल रात्री असंच पुन्हा काढलं. अल्पसंख्य हिस्सा समूहाखाली आला, कंसासकट.