‘कंचेभागुबेव’ने ३० येतं, खरं उत्तर ४६

“कंचेभागुबेव पाठ असलं की बास. आधी कंस, मग चे, मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी. या क्रमाने गेलं की उत्तर चुकूच शकत नाही.”

अनेक क्रिया असलेली उदाहरणं सोडवायचं हे सूत्र असं सांगितलं जातं. पण उत्तर चुकतं. १० − ३ + २ घ्या. बेरीज आधी, म्हणून मूल ३ + २ = ५ करतं आणि १० मधून ५ वजा करून ५ लिहितं. खरं उत्तर ९. बसमध्ये दहा जण होते, तीन उतरले, दोन चढले. या मुलाने चढलेल्या दोघांनाही उतरवलं.

यावर काही शिक्षक म्हणतात, बेरीज आधी म्हणजे अधिकच्या संख्या आधी एकत्र करायच्या: १० + २ = १२, मग १२ − ३ = ९. हे बरोबर आहे, पण त्यासाठी ३ च्या मागचं वजाचं चिन्ह ३ चंच आहे, हे आधी कळायला हवं. सूत्रात ते कुठेही नाही.

मग इतकी वर्षं मुलांची उत्तरं बरोबर कशी आली? कारण भागाकार आधी केल्याने उत्तर बिघडत नाही. २४ ÷ ४ × २ मध्ये भागाकार आधी केला काय किंवा डावीकडून उजवीकडे गेलं काय, १२ च येतं. फार तर ४ × ६ ÷ ८ मध्ये ‘६ ला ८ ने भाग जात नाही’ म्हणून लहान मूल अडतं; डावीकडून गेलं असतं तर २४ ÷ ८ = ३ सहज आलं असतं. भागाकारात सूत्र निभावतं, म्हणून त्यावर विश्वास बसतो, आणि तोच विश्वास वजाबाकीत दगा देतो. अमेरिकेतल्या ‘पेमडास’ या अशाच सूत्रात गुणाकाराचं अक्षर आधी येतं, म्हणून तिथली मुलं भागाकारातही फसतात: २४ ÷ ४ × २ चं उत्तर ३ काढतात.

५० − २४ ÷ ४ × २ + ८ सोडवून पाहा. डावीकडून २४ ÷ ४ = ६, ६ × २ = १२, मग ५० − १२ = ३८ आणि ३८ + ८ = ४६. कंचेभागुबेव अक्षरशः पाळलं तर १२ + ८ = २० आधी होतात आणि उत्तर ३० येतं. पेमडास तसंच पाळलं तर ४ × २ = ८, २४ ÷ ८ = ३, ३ + ८ = ११ आणि उत्तर ३९.

शिवाय २० − ८ − ५ आणि २४ ÷ ४ ÷ २ इथे दोनदा एकच क्रिया आहे, तिथे सूत्र काहीच सांगत नाही. ८ − ५ आधी करून १७ लिहिणारी मुलं सापडतात, उत्तर हवं ७.

शिकवायचं ते एवढंच: कंस आणि ‘चे’ झाल्यावर गुणाकार-भागाकार एका पायरीवर, बेरीज-वजाबाकी तिच्या खालच्या पायरीवर, आणि प्रत्येक पायरीवर डावीकडून उजवीकडे. सरावात ६ + ४ × ३ सारखीच उदाहरणं असतील तर ही चूक कधीच वर येत नाही. वहीत १० − ३ + २ आणि २० − ८ − ५ घाला. ५ किंवा १७ दिसले की मूल कुठे अडलंय ते कळेल.