प्राध्यापक सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर (कमेंटमध्ये मावेना म्हणून वेगळं टाकतोय)

"लेख वाचला. गरिबाच्या पोरांना लवकर कामाला जुंपायचे हे जुनेच तत्त्वज्ञान तुम्ही नव्या शब्दांत मांडले आहे. डिप्लोमावाला दहा वर्षांनी तिथेच असतो आणि डिग्रीवाला त्याचा साहेब होतो. संशोधनही हेच सांगते. स्वतःच्या मुलाला हा सल्ला दिला असता का? शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज यांचा तर विचारच नाही. - एक निवृत्त प्राध्यापक"

सर, नमस्कार. वयाने, अनुभवाने तुम्ही मोठे आहात म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय, नाहीतर त्याच रात्री लिहिलं असतं आणि ते वाचवलं नसतं. "जुंपायचे" हा शब्द तुम्ही वापरलात. जुंपतात बैलाला. ज्यांच्या घराला पगार लवकर हवा त्यांनी डिग्रीऐवजी आधी डिप्लोमा करून कामाला लागावं, एवढंच माझ्या लेखात होतं. मी ज्या पोरांबद्दल लिहिलं होतं त्यांच्या घरात वडलांचं काम सुटलेलं असतं, नाहीतर आजारपण असतं, आणि अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा स्वतः हिशोब करून ठरवतो की मला दोन वर्षांत पगार पाहिजे. त्याला कोणी जुंपत नाही, तो स्वतःच पुढे होतो. तुम्ही लेखातला मुद्दा खोडला असता तर मी निमूट ऐकलं असतं, पण तुम्ही माझा हेतूच काढलात, आणि तोही नाव न लिहिता. असो.

एक गोष्ट मान्य करतो, लेखाचं शीर्षक जरा भडक होतं. तेवढं बदलतो. पुढे बोलू.

आता ते "दहा वर्षांनी तिथेच असतो". सर, हे वाक्य अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्या वाक्याचाच पोरांना जास्त त्रास होतो, कारण कोण तिथेच राहतो आणि का राहतो हे त्यात कोणी सांगतच नाही. मी सांगतो, कारण मी डिप्लोमा करून मशीन शॉपमध्येच लागलो होतो आणि दोन्ही प्रकारची माणसं माझ्या शेजारच्या मशीनवर उभी होती.

सीएनसी लेथ घ्या, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं, धातूचा तुकडा फिरवून कापणारं मशीन. एकाच बॅचचे, एकाच डिप्लोमाच्या कागदाचे दोन पोरं एकाच दिवशी कामाला लागतात. पहिला पोरगा जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनला लावतो, त्याला पकडणारा चक आवळतो, सायकल स्टार्ट दाबतो, जॉब काढतो, कडेची बर काढतो, गेज लावून बघतो, ट्रेमध्ये ठेवतो. झाला ऑपरेटर. समजा जॉबचा बाहेरचा व्यास 25.00 मिमी पाहिजे आणि सूट आहे अधिक-उणे 0.02. टूलची धार झिजत जाते तसा हा व्यास हळूहळू वाढत जातो, 25.005, 25.010, 25.015. पहिला पोरगा काय करतो, गेज अडकलं की मशीनचं सेटिंग करणाऱ्या सेटरला हाक मारतो. सेटर येतो, स्क्रीनवर दोन बटणं दाबतो, जातो. दुसरा पोरगा मायक्रोमीटरने मोजून एका कागदावर लिहीत बसलेला असतो, त्याला दिसतं की आता पुढचे काही जॉब झाले की 25.02 ओलांडणार, आणि तो सेटरला विचारतो की वेअर ऑफसेटमध्ये एक्सला उणे 0.015 देऊ का, तुम्ही बघा मी देतो. वेअर ऑफसेट म्हणजे स्क्रीनवरचं ते पान जिथे टूलच्या झिजेपुरती दुरुस्ती आकड्यात भरतात, आणि एक्स म्हणजे व्यासाची दिशा. आठवडाभराने त्याला विचारावं लागत नाही. मग इन्सर्ट बदलल्यावर साइज कुठे जातो ते त्याला कळतं, मग चकचे सॉफ्ट जॉ जॉबच्या मापाला बोअर करायला शिकतो, मग नवीन जॉबचं पूर्ण सेटिंग, पहिला पीस काढून तपासणीला नेणं. तिथून प्रोग्रॅम दुरुस्त करणं, मग स्वतः लिहिणं. ऑपरेटर, सेटर, प्रोग्रॅमर, आणि पुढे प्रोसेस ठरवणारा माणूस, ही शिडी आहे, आणि पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये डिग्री कोणी विचारत नाही. हाताला काय येतं ते विचारतात.

म्हणजे दहा वर्षांनी तिथेच कोण असतो? ज्याच्या हातात पहिल्या वर्षा-दोन वर्षांत ऑफसेटचं पान आलंच नाही तो. ओळखायची खूण सोपी आहे. सहा महिन्यांनंतरही साइज सेटरच सुधारत असेल आणि तुम्ही फक्त लावा-काढा करत असाल, तर एक तर मागे लागून शिका नाहीतर शॉप बदला, लहान शॉपमध्ये जा जिथे एकाच माणसाला सगळं करावं लागतं. पगार तिथे सुरुवातीला थोडा कमी मिळेल, चालेल. मोठ्या शॉपमध्ये महिनोन्महिने एकच जॉब चालतो, सेटिंग हलतच नाही, पोरगा शिकणार कुठून. ह्यात कागदाचा दोष काय हो सर?

हां, कोर्सचा दोष असू शकतो, आणि इथे मी तुमच्यापेक्षा जास्त कडू बोलेन. वीस पोरांची बॅच, एक मशीन, तीन तासांचं प्रॅक्टिकल. भागाकार करा, एका पोराला नऊ मिनिटं मिळतात, त्यातही सर दाखवणार आणि पोरं बघणार. असा डिप्लोमा म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. म्हणून ॲडमिशनआधी वर्कशॉपमध्ये जाऊन विचारायचं की एका मशीनवर किती पोरं असतात, सेटिंग पोरं करतात की इन्स्ट्रक्टर, आणि शेवटच्या सेमिस्टरच्या पोरांनी बनवलेला एखादा जॉब ड्रॉइंगसकट दाखवा. जिथे दाखवायला जॉब निघत नाही तिथून बाहेर पडायचं. बिल्डिंग किती का चकाचक असेना.

बरं, आता तुम्हाला आकडे आवडत असतील तर आकड्यांत बोलू. डिप्लोमा 2 वर्षांचा, डिग्री 4 वर्षांची धरू, दोघं एकाच दिवशी सुरू करतात. डिप्लोमावाल्याचा पहिला महिना-पगार 100 धरा, डिग्रीवाल्याचा 150. दोघांचाही वर्षाला 8 टक्क्यांनी वाढतो असं धरू. डिग्रीवाला अजून कॉलेजात असतो त्या दोन वर्षांत डिप्लोमावाला साधारण 2500 कमावून बसतो. त्यात डिग्रीच्या जास्तीच्या दोन वर्षांचा फी आणि राहण्याचा खर्च 600 धरला तर फरक झाला 3100. डिग्रीवाला नोकरीला लागल्यावर दर महिन्याला जास्त मिळवतो, पण हा फरक भरून काढायला त्याला नोकरीचं सातवं वर्ष उजाडतं. आता तुमचा "तिथेच राहणारा" घ्या, ज्याचा पगार 3 टक्क्यांनीच वाढतो. त्याला डिग्रीवाला पाचव्या वर्षीच गाठतो, आणि त्यापुढे दरी दर वर्षी रुंदावते. म्हणजे सर, हिशोब डिग्री-डिप्लोमावर जेवढा आहे त्याच्यापेक्षा त्या 8 आणि 3 वर आहे, आणि ते 8 की 3 हे वर सांगितलेल्या ऑफसेटच्या पानावर ठरतं. शिवाय हे सगळं डिग्रीवाल्याला लगेच नोकरी लागली असं धरून. वर्षभर घरी बसला तर आकडे पुन्हा मांडा.

संशोधनाचं म्हणाल तर कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीत (विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर तुम्ही मार्क कापले असते), पण माझा अंदाज आहे तुम्ही अर्थतज्ज्ञ हानुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2017 चा पेपर म्हणताय, 11 देशांची माहिती घेतलेला. मी वाचलाय. त्यात म्हटलंय की व्होकेशनल शिकलेल्यांना सुरुवातीला काम लवकर मिळतं आणि उतारवयात ती आघाडी उलटते, आणि हे जिथे अप्रेंटिसशिप जोरात आहे त्या देशांत जास्त दिसतं. बरोबर आहे. पण तो पेपर मुख्यतः माणूस कामावर आहे की नाही हे मोजतो, साहेब कोण झाला हे नाही. आणि कारण काय देतो, तर तंत्रज्ञान बदललं की एकाच कामाला चिकटलेल्या माणसाला नवीन जमवून घेणं जड जातं. मीही तेच सांगतोय की पोराने एका मशीनला चिकटून बसू नये! तुम्ही माझ्याच बाजूचा साक्षीदार माझ्याविरुद्ध उभा केलात.

एका जागी तुमचा मुद्दा धरून चालतो, जरी तो तुम्ही नीट मांडला नाहीत तरी. डिप्लोमानंतर डिग्री करू म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळ जण करत नाहीत, आणि कारण आळस नसतो. थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो तिथे पहिल्या वर्षाचं गणित शिकायचं राहून गेलेलं असतं आणि दुसऱ्या वर्षाला समोर डिफरन्शियल इक्वेशन, लाप्लास येऊन उभे राहतात. वर्गातल्या बाकीच्यांनी कॅल्क्युलस वर्षभर घासलेलं असतं, हा तोवर फाईल आणि वर्नियर धरून आलेला. पहिल्या सेमिस्टरला गणितात आपटतो आणि सोडून देतो. म्हणून ज्याला पुढे डिग्री करायची आहे त्याने नोकरीच्या पहिल्या वर्षातच डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन हातातून सुटू द्यायचं नाही, रविवारी दोन तास का होईना. आणि डिप्लोमा घेण्याआधीच विचारायचं की हा कागद पुढे कुठली युनिव्हर्सिटी धरते, किती विषयांची सूट देते. तोंडी नाही, लेखी.

दुसरी अडचण प्राध्यापकांना माहीत नसते कारण त्यांना शिफ्ट नसते. संध्याकाळची डिग्री आणि फिरती शिफ्ट जमत नाही. दर आठवड्याला शिफ्ट बदलते, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सगळे लेक्चर जातात आणि मग हजेरी भरत नाही. मी ज्या कंपनीत होतो तिथे शिकायचंय म्हणून कायमची फर्स्ट शिफ्ट मागितली तर सुपरवायझर म्हणाला, "शिकायचं होतं तर इथे कशाला आलास?" तुमच्या कमेंटचा सूर मला तसाच वाटला, म्हणून जरा जास्त लागलं. शेवटी मी शॉप फ्लोअर सोडून टूल रूममध्ये बदली घेतली, तिथे जनरल शिफ्ट होती, आणि डिग्री तिथून पूर्ण केली. लांबली, पण झाली. तेव्हा डिप्लोमावाला काय असतो आणि काय होतो हे मला वर्गात बसून कोणी सांगू नये.

जिथे कायद्यानेच सहीला डिग्री लागते, पुलाच्या डिझाइनवर सही करायची आहे, किंवा संशोधनात जायचंय, तिथे मी डिप्लोमाचा आग्रह कधीच धरला नाही. मूळ लेखात होतं ते, पण बहुतेक तुम्ही तिथपर्यंत पोचला नसाल.

माझ्या मुलाचं विचारलंत. त्याच्या पगारावर घर अवलंबून नाही, त्यामुळे त्याला दिलेला सल्ला ह्या पोरांना लागू होत नाही, आणि तो काय करतो हा कमेंटमध्ये विचारायचा विषयही नाही.

शिष्यवृत्ती आणि कर्ज. शिष्यवृत्ती बहुतेक वेळा फी भागवते, घरचं भाडं आणि धाकट्या बहिणीची शाळा नाही. कर्जाचंही तेच, ते कॉलेजात जातं, घरात येत नाही. ज्याच्या घराला त्याच्या पगाराची गरज नाही त्याने दोन्ही जरूर घ्यावं, त्याच्यासाठी मी लिहिलंच नव्हतं. पुढच्या वेळी लेख शेवटपर्यंत वाचून लिहा आणि नावानिशी लिहा, उत्तर नक्की देईन, तेव्हा एवढा तिखटही नसेन.