स्पर्धक रोज पोस्ट टाकतो, म्हणून आपणही टाकायची?

ठाण्यातल्या छोट्या व्यावसायिकांची पेजेस सांभाळताना एक वाक्य मला सतत ऐकू येतं, "ताई, ते लोक रोज टाकतात, आपणही रोज टाकूया." याला माझा ठाम विरोध आहे. समोरचा किती वेळा पोस्ट टाकतो हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो काय टाकतो, कधी टाकतो आणि मुख्य म्हणजे काय टाकायचं टाळतो, हे शेजारी ठेवलं की त्या आकड्याला अर्थ येतो.

उदाहरण माझ्या आत्तेभावाचं देते. त्याचं वॉटरप्रूफिंगचं काम आहे. मानपाड्यात छोटं ऑफिस, कामं बहुतेक घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये. त्याच्याच भागात काम करणारी तीन पेजेस आम्ही निवडली. अख्ख्या देशात पसरलेल्या मोठ्या केमिकल कंपन्यांची पेजेस मुद्दाम घेतली नाहीत. त्यांचा वाचक वेगळा असतो, आणि मानपाड्यातला सोसायटीचा सेक्रेटरी त्यांना फोन करत नाही.

मागच्या जूनपासून या मेपर्यंतचं पूर्ण वर्ष धरलं. या धंद्यात एका महिन्याचं बघून भलताच निष्कर्ष निघतो, कारण सगळं पावसाभोवती फिरतं. एक्सेलमध्ये चारच रकाने केले: तारीख, प्रकार (फोटो, रील, कॅरोसेल), ही पोस्ट ग्राहकाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते, आणि खाली कमेंटमध्ये लोकांनी काय विचारलंय. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. विषय हॅशटॅगवरून ठरवायचा नाही. दहा वेगळ्या हॅशटॅगच्या पोस्ट एकच गोष्ट सांगत असतात, "आम्ही काम चांगलं करतो." तो एकच विषय धरायचा. आणि जी पोस्ट कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही, तिच्यापुढे तो रकाना रिकामा सोडायचा.

रोज पोस्ट टाकणाऱ्या पेजवर वर्षात 300च्या आसपास पोस्ट होत्या. त्यातल्या शंभराहून जास्त सणांच्या शुभेच्छा आणि दिनविशेष. उरलेल्यांत निम्म्याहून अधिक कामाच्या 'आधी आणि नंतर'चे फोटो. प्रश्नाचं उत्तर देणाऱ्या पोस्ट वीसही भरल्या नाहीत. सगळ्यांचं डिझाइन एकाच साच्यातलं आणि वेळही जवळपास तीच, म्हणजे एजन्सीचं मासिक पॅकेज असणार हे उघड होतं. तो वेग ग्राहकांच्या गरजेतून आलेला नव्हता, करारात लिहिलेल्या पोस्टच्या संख्येतून आला होता. त्याची नक्कल करून काय मिळणार?

दुसरं पेज आठवड्याला दोन-तीन पोस्ट टाकायचं. तिसरं वर्षभर जवळजवळ गप्प, आणि जून-जुलैत एका दिवसात चार-चार. अशा पेजची वर्षाची सरासरी काढली तर आठवड्याला दोन येते आणि तो आकडा दिशाभूल करतो. म्हणून महिनावार मोजा, सरासरीच्या भानगडीत पडू नका.

महिनावार मांडल्यावर पहिली मोकळी जागा दिसली. तिघंही गळतीबद्दल बोलायला लागतात पाऊस सुरू झाल्यावर, कारण तेव्हाच फोन येतात. पण गच्चीचं काम कोरड्या स्लॅबवर करावं लागतं, तेही पावसाच्या आधी. सोसायटीला सभा घ्यायची, कोटेशन मागवायची, वर्गणी ठरवायची, यातच दोन-तीन महिने जातात. म्हणजे सेक्रेटरीला माहिती हवी असते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि त्या दोन महिन्यांत तिन्ही पेजेसवर होळी, महिला दिन आणि गुढीपाडव्याच्या शुभेच्छा.

दुसरी जागा कमेंटमध्ये सापडली. 'आधी-नंतर'च्या फोटोंखाली लोक एकच गोष्ट फिरून फिरून विचारत होते, "वरच्या फ्लॅटमधून पाणी येतंय, खर्च कोणी करायचा?" उत्तर म्हणून प्रत्येक ठिकाणी "कृपया इनबॉक्स करा" किंवा फोन नंबर.

रिकामी जागा दिसली की मी आधी विचारते, ही रिकामी का आहे? कधी कुणाला सुचलेलं नसतं. कधी तो प्रश्न मुळात कुणाला पडतच नाही, मग तिथे लिहून उपयोग नाही. आणि कधी उत्तर दिलं तर आपलंच नुकसान होईल असं धंदेवाल्याला वाटतं. माझ्या मते सगळ्यात मोलाच्या जागा या तिसऱ्या प्रकारच्या. खर्चाच्या प्रश्नाचं उत्तर उघड दिलं तर खालचा किंवा वरचा, एक ग्राहक नाराज होणार या भीतीने सगळे गप्प होते.

हा प्रश्न खरंच पडतो का, हे गूगल ट्रेंड्सवर शोधायच्या फंदात पडू नका. एवढ्या स्थानिक मराठी शोधांसाठी तिथे पुरेशी माहितीच दिसत नाही. आम्ही आत्तेभावाच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या मुलीला विचारलं. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "सर, निम्मे लोक आधी भांडणच सांगतात, काम नंतर."

मग लिहिलं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी गळती दुरुस्त करायची जबाबदारी सोसायटीची, आणि फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-सिंकच्या गळतीची त्या सदस्याची. पण त्याआधी गळती नेमकी कुठली हे ठरवावं लागतं. मे महिन्यात, पावसाचा थेंब नसतानाही ओल वाढत असेल तर संशय पाइपवर किंवा वरच्या बाथरूमवर. फक्त पावसात वाढत असेल तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. बाथरूमचा संशय असेल तर न्हाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं तोंड, बंद करून लादीवर पाणी साठवायचं, निदान एक दिवस ठेवायचं आणि खालचं छत बघायचं. एवढी चाचणी दोन्ही शेजाऱ्यांसमोर झाली तर निम्मा वाद तिथेच मिटतो. कधीकधी वॉटरप्रूफिंगची गरजच नसते, एक सांधा बदलून भागतं, हेही आम्ही स्पष्ट लिहिलं. आत्तेभाऊ आधी कचरला होता, पण मला ते वाक्य हवंच होतं. त्याच वाक्यावर लोक विश्वास ठेवतात.

त्या पोस्टला लाइक फार आले नाहीत. ती सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये फिरली, आणि फोन करणारे सेक्रेटरी "ती चाचणीची पोस्ट वाचली" असं सांगायला लागले. लाइक बघून या विषयांचं मोल ठरवू नका.

या पद्धतीला मर्यादा आहेत. स्टोरी 24 तासांत जाते, हायलाइटमध्ये ठेवली असेल तेवढीच दिसते. काढून टाकलेली पोस्ट दिसत नाही, त्यामुळे एखादा विषय कुणी हाताळून सोडूनही दिला असेल. आणि एखाद्या रीलचे व्ह्यूज पैसे लावून वाढवलेले असू शकतात. मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत पेजचं नाव टाकलं की सध्या चालू असलेल्या जाहिराती दिसतात. बंद झालेल्या व्यावसायिक जाहिराती तिथे आपल्याला दिसत नाहीत, म्हणून अधूनमधून बघत राहावं लागतं.

तक्त्यात अजून एक मोकळी जागा दिसली होती: वाशी-नेरुळच्या जुन्या इमारतींमध्ये स्लॅबचं काँक्रीट सुटून आतल्या सळ्या दिसतात, त्याचं काय करायचं? विचारणारे भरपूर, उत्तर देणारं कुणी नाही. आत्तेभावाला तो विषय लगेच हवा होता. मी नको म्हटलं. तिथे आधी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं, आणि ते सांगायचा अधिकार स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. नेरुळचा एखादा इंजिनिअर हे वाचत असेल तर ही जागा अजूनही मोकळी आहे. मराठीत लिहा.